चवदार तळ्याकडे पहिलं पाऊल कोणाचं?

माझी भाची कळव्याला राहते आणि राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेची तयारी करते. गेल्या महिन्यात तिने एक निबंध तपासायला आणून दिला. विषय नेहमीचा: इतिहास कोण घडवतं, नेता की जनचळवळ? पाच पानं लिहिली होती, अक्षर सुरेख होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की टाळी दोन्ही हातांनी वाजते.

मी म्हटलं, "अगं, हे तर कुठल्याही विषयाला चालेल. सासू-सुनेच्या भांडणालासुद्धा."

"मग काय लिहू, मामा? दोघांचाही वाटा असतोच ना?"

असतो. पण कुठे, किती आणि कशावरून, हे सांगितल्याशिवाय तो वाटा नुसता वाटून टाकल्यासारखा होतो. ठाण्याच्या कोर्टात माझी सगळी नोकरी कारकुनीत गेली. तिथली एक सवय अजून सुटलेली नाही. कोणी म्हणालं की अमक्यामुळे असं झालं, तर मी विचारतो, तो नसता तर नेमकं काय झालं नसतं? आणि मग तारखा मागतो. म्हणून तिला म्हटलं, सगळं जग घेऊ नकोस. एकच प्रसंग घे आणि त्याचे सांधे सोडवून बघ. महाडचं चवदार तळं घे. तो दावा आपल्या ठाण्याच्या कोर्टातूनही गेला आहे, तिथवर येऊच.

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट एका वाक्यात असते: १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. वाक्य खरं आहे. पण त्या वाक्यात कर्ता एक आहे आणि क्रियापदही एक आहे. प्रत्यक्षात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी घडल्या होत्या, आणि प्रत्येकीमागचा माणूस वेगळा होता.

पहिली गोष्ट मुंबईत घडली. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणं अस्पृश्यांना वापरू द्यावीत, असा तो ठराव होता. बोले भंडारी समाजातले. या ठरावाच्या वेळी आंबेडकर त्या सभागृहात नव्हते.

दुसरी महाडमध्ये. तिथल्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपलं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे तिथले पुढारी, कायस्थ प्रभू समाजातले, या कामात पुढे होते. कागदावर तळं त्याच दिवशी खुलं झालं. तरी पुढची तीन वर्षं कोणी अस्पृश्य माणूस तिथे पाणी भरायला गेला नाही. तळ्याच्या चारी बाजूंना सवर्णांची घरं होती. ठराव दप्तरात पडून होता आणि पाणी तळ्यात.

तिसरी गोष्ट दासगावची. महाडपासून पाच मैलांवर सावित्रीच्या खाडीवरचं हे बंदर. या भागात ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची वस्ती होती. पेन्शन खाणारी, लिहिता-वाचता येणारी, मुलांना शाळेत घालणारी घरं. जवळच्या रावदुळचे गोपाळबाबा वलंगकर हेही असेच निवृत्त सैनिक, आणि त्यांनी आंबेडकरांच्या जन्माच्या आसपासच्या काळात अस्पृश्यतेविरुद्ध लिहायला सुरुवात केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा या घरांची वर जायची वाट बुजली. त्याचा राग एका पिढीत मुरला होता. याच भागातला रामचंद्र बाबाजी मोरे नावाचा तरुण परिषद भरवायच्या मागे लागला. अध्यक्ष म्हणून आंबेडकरांनाच आणायचं, हा त्याचा हट्ट. त्यासाठी मुंबईच्या खेपा घातल्या, गावोगाव बैठका घेतल्या, वर्गणी गोळा केली. यात वर्षं गेली.

आता इथे थांबून नेता आणि चळवळ या दोन डब्यांत ही माणसं घालून बघा. बोले कुठे? टिपणीस कुठे? मोरे नेता की कार्यकर्ता? भाचीने इथेच पेन खाली ठेवलं. निबंधाच्या विषयात डबे दोनच आहेत, पण माणसं मधल्या जागेत भरलेली आहेत. मला वाटतं, या प्रश्नाचं अर्धं भांडण या मधल्या माणसांना विसरल्यामुळे होतं. त्यांना वगळलं की एका बाजूला एकटा महापुरुष उरतो आणि दुसऱ्या बाजूला चेहरा नसलेली गर्दी.

चौथी गोष्ट १९ आणि २० मार्च १९२७ ची. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी गावोगावचे लोक महाडला जमले. त्यांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. ज्या गावात नगरपालिकेचं तळं कायद्याने खुलं आहे, त्याच गावात! २० तारखेला परिषद संपता संपता आंबेडकरांचे सहकारी अनंतराव चित्रे यांनी सभेला तळ्यावर जाण्याची हाक दिली. मग आंबेडकर पुढे, मागे चार-चारच्या रांगेत माणसं, असे सगळे भर गावातून तळ्याशी गेले. आंबेडकरांनी ओंजळ भरून पाणी घेतलं आणि मागच्या लोकांनीही घेतलं.

थोड्याच वेळात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. जमाव लाठ्या घेऊन मंडपावर आला. जेवत बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांना मारहाण झाली. लोकांत निवृत्त सैनिक होते आणि उलट हात उचलायची त्यांची ताकद होती, तयारीही होती. आंबेडकरांनी त्यांना अडवलं. पुढे मारहाण करणाऱ्यांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची 'शुद्धी' करण्यात आली.

आता कसोटी लावू. इतिहासात प्रयोगशाळा नसते. आंबेडकरांना वगळून १९२७ साल पुन्हा घडवून बघता येत नाही. पण एक गोष्ट करता येते. दोन ठिकाणं किंवा दोन वेळा अशा निवडायच्या की एक गोष्ट सोडून बाकी बरंचसं सारखं असेल, आणि मग निकाल कुठे बदलतो ते पाहायचं.

आधी ठिकाण बदलू. बोले ठराव सगळ्या मुंबई प्रांताला होता. नगरपालिका अनेक होत्या, पाणवठे शेकड्यांनी. आंबेडकर तर मुंबईतच होते, म्हणजे कुठल्याही गावाने बोलवावं इतक्या अंतरावर. ठराव सगळीकडे तोच, नेता तोच, मग पहिलं पाऊल महाडलाच का पडलं? उत्तर महाडच्या मातीत शोधावं लागतं: दासगावची पेन्शनर घरं, मोऱ्यांची पायपीट, टिपणीसांची नगरपालिका. जागा आणि वेळ नेत्याने निवडलेली नाही. तिथल्या लोकांनी नेत्याला निवडून त्या जागी आणलं. हा चळवळीच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे.

यात एक छिद्र आहे, ते लपवू नये. नेता सगळ्या गावांना "तोच" होता असं मी म्हटलं, पण एक माणूस एका दिवशी एकाच गावात असतो. दुसऱ्या एखाद्या गावाने बोलावलं असतं आणि ते गेले असते, तर कदाचित तिथेही हेच झालं असतं. म्हणजे ही तुलना इतकंच सांगते की स्थानिक तयारी असल्याशिवाय काम झालं नाही. ती तयारी एकटी पुरली असती का, हे ती सांगत नाही.

म्हणून आता गाव तेच ठेवून साल बदलू. १९२४, १९२५, १९२६ या तिन्ही वर्षांत महाडला ठराव होता, दासगाव होतं, मोरे होते, टिपणीस होते. तळ्यावर कोणी गेलं नाही. १९२७ मध्ये नवीन काय आलं? परिषद आली आणि तिच्या अध्यक्षपदी आंबेडकर आले. परदेशात शिकून आलेला, बॅरिस्टर, त्या साली कायदेमंडळावर नेमलेला आणि जन्माने आपल्यातलाच माणूस. एकट्यादुकट्याने तळ्यावर जाणं म्हणजे गावात मार खाणं आणि दुसऱ्या दिवसापासून कामधंदा गमावणं. हजारोंनी जायचं तर सगळे एकाच दिवशी, एकाच वेळी निघतील असा भरवसा लागतो. तो भरवसा देणारं नाव लागतं. नेत्याचं हे काम फार कोरडं वाटेल, पण बहुतेक चळवळींत ते असतं: वेगवेगळ्या गावांत बसलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना एकच तारीख देणं.

तरीही हे काम दुसऱ्या कोणी केलं नसतं का? मला वाटतं, उशिरा का होईना, कोणीतरी केलं असतं. हवा तशी होती. केरळात वैकम इथे १९२४-२५ मध्ये देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी मोठा सत्याग्रह होऊन गेला होता, आणि त्याचे पुढारी अगदी वेगळे होते. नेत्याची किंमत "तो नसता तर काहीच झालं नसतं" अशी क्वचितच निघते. ती बहुधा "तो नसता तर कधी आणि कसं झालं असतं" अशी निघते.

आता मी ज्यासाठी हे उदाहरण निवडलं तो भाग. तो मार्चमधला नाही, डिसेंबरमधला आहे.

४ ऑगस्ट १९२७ ला महाड नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. मग २५ डिसेंबरला पुन्हा परिषद आणि या वेळी उघड सत्याग्रह, असं ठरलं. समोरची बाजूही गप्प नव्हती. तिने महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला की तळं खासगी आहे, आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. इकडे परिषदेला गावातल्या सवर्णांपैकी कोणी जागा देईना, फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. दुकानदार माल देईनात म्हणून शिधा बाहेरून आणून ठेवला. लोक या वेळी लढायच्या तयारीने आले होते. सत्याग्रहासाठी ३,८८४ जणांनी नावं नोंदवली. तुरुंगात जावं लागेल हे माहीत असून दिलेली ही नावं.

पहिल्या दिवशी, २५ डिसेंबरला, आंबेडकरांनी भाषणात या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली. आपण पाण्यासाठी नाही, माणूस म्हणून समान आहोत हे ठरवायला जमलो आहोत, असा त्याचा रोख होता. त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण. त्याआधी ब्राह्मणेतर चळवळीतल्या काहींनी पाठिंबा देऊ केला होता, पण ब्राह्मणांना या सत्याग्रहात घ्यायचं नाही, अशी अट घातली होती. आंबेडकरांनी ती नाकारली. हा निर्णय गर्दीने घेतलेला नाही. आपल्याकडे माणसं कमी, शत्रू जास्त, अशा वेळी आयता पाठिंबा परत करायला एकाच माणसाची मान ताठ असावी लागते.

पुढचे दोन दिवस प्रश्न एकच होता: मनाईहुकूम मोडायचा की नाही? जिल्हाधिकारी मंडपात येऊन बोलून गेले. लोक म्हणत होते, मोडू. भाषणं तशीच झाली, हात तसेच वर झाले. आणि आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करायला सांगितलं. त्यांचं म्हणणं साधारण असं: आपलं भांडण सनातन्यांशी आहे, सरकारशी नाही. कोर्टाचा हुकूम मोडला की दोन आघाड्या उघडतात, आणि सरकारला त्यांच्या बाजूला उभं राहायला आपणच कारण देतो. दावा लढू, जिंकू. २७ तारखेला तहकुबीचा ठराव झाला. लोक मिरवणुकीने गावातून निघाले, तळ्याला वळसा घातला आणि पाण्याला हात न लावता परत आले.

आता तोच प्रश्न लावा. हा माणूस त्या मंडपात नसता तर? मोरे, चित्रे, टिपणीस सगळे होते. पण तुरुंगात जायला निघालेल्या जवळजवळ चार हजार माणसांना "परत फिरा" असं सांगून ऐकवण्याची ताकद त्यांच्यापैकी कोणाकडे होती, असं मला वाटत नाही. पुढे जाण्याची हाक पुष्कळांना देता येते. मार्चमध्ये ती चित्र्यांनी दिलीच होती. मागे फिरण्याची हाक देणारा माणूस बदलता येत नाही, कारण त्याच्यावर भ्याडपणाचा आरोप येतो आणि तो पचवण्याइतकी पुण्याई गाठीशी लागते. नेता म्हणजे ठिणगी आणि लोक म्हणजे दारू, ही आपली आवडती उपमा महाडला उलटी पडते. डिसेंबरमध्ये दारूही लोकांचीच होती, ठिणगीही लोकांचीच. आंबेडकर ठिणगीवर हात धरून उभे होते.

तो निर्णय बरोबर होता का, हा वेगळा वाद आहे आणि तो करायला हवा. मनाईहुकूम दोनच महिन्यांत, फेब्रुवारी १९२८ मध्ये, उठला. पण मूळ दावा चालत राहिला. महाडच्या कोर्टाचा निकाल १९३१ मध्ये लागला, अस्पृश्यांच्या बाजूने. वादी अपिलात आले ते ठाण्याला. ठाण्याच्या सहायक न्यायाधीशांनी १९३३ मध्ये अपील फेटाळलं. मग उच्च न्यायालय, आणि तिथला निकाल १७ मार्च १९३७ चा. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी धरलेला मुद्दा वाचण्यासारखा आहे. अस्पृश्य तिथे पाणी भरत नव्हते हे दिसतं, पण त्यांना भरू न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही. शिवाय तळं नगरपालिकेचं.

डिसेंबर १९२७ ते मार्च १९३७. ज्या बाईने नाव नोंदवलं होतं तिची लहान मुलगी दरम्यान सासरी गेली असेल. नेत्याच्या शहाणपणाची किंमत ही अशी लोक भरतात. निबंधात नेत्याच्या खात्यात जमा लिहिताना ही बाजूही खर्चात मांडायला हवी.

भाचीने विचारलं, "मग सगळीकडे नाव त्यांचंच का येतं?"

याचं उत्तर मला कोर्टाच्या कपाटातून देता येतं. या खटल्याचं शीर्षक आहे 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर'. दावा खरा कोणाविरुद्ध होता? महाडच्या तळ्यावर येऊ पाहणाऱ्या सगळ्या अस्पृश्यांविरुद्ध. पण दिवाणी कायद्यात गर्दीला समन्स बजावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत एक सोय आहे: पुष्कळांचा हितसंबंध एकच असेल तर त्यांच्यापैकी थोड्यांना प्रतिनिधी म्हणून दाव्यात उभं करता येतं. वादी स्वतः महाडच्या स्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून आले आणि आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी केलं. हजारो माणसं कागदावर आली ती चार-दोन नावं होऊन. पुढे छापील निवाड्यात त्यातलं पहिलं नाव तेवढं शीर्षकाला राहिलं.

वर्तमानपत्रांचंही तेच. महाडच्या हकिकती आपल्याला मोठ्या प्रमाणात 'बहिष्कृत भारत'मधून मिळतात. ते पाक्षिक ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालं, मार्चच्या घटनेनंतर दोनच आठवड्यांनी, आणि त्याचे संपादक आंबेडकरच. हे पत्र नसतं तर महाड कुलाबा जिल्ह्यातली एक मारामारी म्हणून पोलिसांच्या दप्तरात राहिलं असतं. म्हणजे घटनेला अर्थ देणं हेही नेत्याचं कामच. पण त्याचबरोबर ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांची कामं टिकली आणि बाकीच्यांची पुसट झाली, हे इतिहास वाचताना ध्यानात ठेवावं लागतं. एखाद्या घटनेत नेता फार मोठा दिसू लागला की मी आधी विचारतो, हा कागद कोणी लिहिला? आणि नुसती "जनता" दिसू लागली तर विचारतो, या जनतेच्या बैठकीला सतरंजी कोणी टाकली होती?

एक गोष्ट मात्र दोन्ही खात्यांत बसत नाही. डिसेंबरच्या परिषदेत आंबेडकर बायकांशी वेगळे बोलले. लुगडं गुडघ्यापर्यंत नेसायचं, गळ्यात-हातात कथलाचे जड दागिने घालायचे, ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी तिथेच लुगडी घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली. तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षं कोर्ट चाललं, या बदलाला एक रात्र लागली. सांगणारे ते होते हे खरं. पण त्याच लुगड्यात दुसऱ्या दिवशी आपल्या गावात शिरून पाटलाच्या वाड्यासमोरून चालत जाताना प्रत्येक बाई एकटी होती.

भाचीने निबंध पुन्हा लिहून आणला. टाळीचं वाक्य गेलं होतं. सुरुवात चाळीस रुपयांच्या पाण्यापासून केली होती. वीरेश्वराची आवई कोणी उठवली ते मात्र लिहिलं नव्हतं. म्हणाली, "मामा, चळवळ फक्त आपल्या बाजूची धरायची का? लाठ्या घेऊन आला तोही जमावच होता. त्यांचा नेता कोण?"

मी तिला दाव्यातल्या वादींचं नाव दाखवलं आणि म्हटलं, यापासून सुरुवात कर.